सव्वाशे किलोंवरून उतरताना : बारा महिन्यांचा खरा हिशेब

अमरावतीच्या राजापेठेत कापडाचे दुकान चालविणारे एक गृहस्थ उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावेत. वय ४२, उंची १७० सेंटिमीटर, वजन १२८ किलो. दिवसाचे दहा तास गादीवर बसून, मध्ये सहा वेळा चहा, संध्याकाळी दुकानातच मागविलेला आलुबोंडा किंवा गिलावडा आणि रात्री साडेदहाला तर्रीदार भाजीसह जेवण. गुडघे दुखू लागले म्हणून ते डॉक्टरांकडे जातात आणि वजन कमी करायचे ठरवून घरी येतात. घरी आल्यावर पहिला आकडा ठरतो तो असा : सहा महिन्यांत ८० किलो. हा आकडा कोणी मोजून काढलेला नसतो. लग्नाच्या वेळी वजन तेवढे होते, एवढाच त्याला आधार असतो.

या आकड्याची वजाबाकी केली तर काय निघते, हे पाहण्यासारखे आहे. ४८ किलो वजन १८० दिवसांत उतरवायचे आहे. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक, म्हणजे बोलीभाषेतील कॅलरी, साठलेले असतात. त्या हिशेबाने रोज दोन हजारांहून अधिक उष्मांकांची तूट पडावी लागेल. या गृहस्थांचे शरीर एका दिवसात साधारण तीन हजार उष्मांक खर्च करते. तेव्हा रोजचे जेवण हजाराच्या आत आणावे लागेल आणि ते सहा महिने, एकही दिवस न चुकता. शिवाय हा हिशेबही शेवटपर्यंत टिकत नाही, कारण वजन उतरते तसा शरीराचा खर्चही उतरतो. उद्दिष्टच अशक्य असल्याने तिसऱ्या महिन्यात चांगले नऊ किलो उतरलेले असूनही माणूस स्वतःला नापास ठरवतो आणि सारे सोडून देतो.

हा दोष एकट्या वऱ्हाडातील माणसाचा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक मार्मिक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू होण्यापूर्वी त्यांनी ६० स्थूल महिलांना आपापले उद्दिष्ट विचारले. सरासरी उत्तर आले, वजनाच्या ३२ टक्के घट. १७ किलो उतरले तर कसे वाटेल, यावर त्यांचे उत्तर ‘निराशा होईल’ असे होते. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर प्रत्यक्षात सरासरी १६ किलो वजन उतरले. उपचारशास्त्राच्या दृष्टीने हे यश उत्तम होते, तरीही जवळपास निम्म्या महिला स्वतःच ठरविलेल्या ‘निराशेच्या’ आकड्यापर्यंतही पोहोचल्या नाहीत. म्हणून वेळापत्रकाचा पहिला आकडा आरशासमोर उभे राहून ठरवू नये. तो शरीराच्या खर्चावरून ठरवावा.

तूट हळूहळू का आटते?

वजन कमी करण्याच्या बहुतेक कोष्टकांत महिन्याला चार किलो, वर्षाला अठ्ठेचाळीस असा सरळ गुणाकार असतो. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी मांडलेल्या हिशेबातून ही सवय रूढ झाली : अमुक तूट म्हणजे अमुक वजन, आज आणि सहा महिन्यांनंतरही तेवढेच. परंतु १२८ किलोंचा देह उचलून जिना चढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ११५ किलोंना लागत नाही. बसल्या जागीसुद्धा लहान शरीर कमी जाळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचा व्यवहारात वापरता येईल असा ठोकताळा दिला. रोजच्या आहारात कायम राहणारी २४ उष्मांकांची कपात शेवटी सुमारे एक किलो वजन कमी करते. या घटीपैकी निम्मी घट साधारण पहिल्या वर्षात होते आणि जवळजवळ सगळी व्हायला तीन वर्षे लागतात.

आपल्या गृहस्थांना हे लावून पाहावे. रोज ८०० उष्मांक कमी करणे त्यांना फारसे अवघड नाही. सहा चहांत प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर दिवसाला ६० ग्रॅम साखर होते आणि तिचेच २४० उष्मांक भरतात. चहा दोनवर आणून तो बिनसाखरेचा केला की हे वाचतात, चार कपांतले दूध वाचते ते वेगळे. संध्याकाळच्या तळणाचे दोन नग तीन-चारशे उष्मांकांच्या खाली क्वचितच असतात. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १२० उष्मांक. भाजीवरची तर्री बाजूला सारली आणि घरातील फोडणी आवरली की दोन चमचे सहज कमी होतात. भाकरी, वरण, भाजी, ताक यांना अजून हातही लागलेला नाही. आणि तो लावू नये, कारण डाळ, दही, अंडी यांतील प्रथिने कमी झाली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आता ८०० ला २४ ने भागले की ३३ येतात. म्हणजे ही कपात टिकली तर तीन वर्षांत सुमारे ३३ किलो कमी होऊन वजन ९५ च्या आसपास स्थिरावेल आणि त्यांपैकी १६-१७ किलो पहिल्या वर्षात जातील. ‘सहा महिन्यांत ८०’ याऐवजी ‘पहिल्या वर्षाअखेर १११’ हा आकडा येथून येतो. ऐकायला तो फिका वाटतो, पण तो शरीराच्या खर्चावर बेतलेला आहे.

पंचांगाशेजारी लावायचे वेळापत्रक

सुरुवात जूनच्या मध्यात धरावी. मे महिन्यात अमरावतीचा पारा ४४-४५ अंशांना भिडतो, तेव्हा १२८ किलोंच्या माणसाने चालण्याचा आरंभ करणे योग्य नव्हे. मृगाचा पाऊस पडून हवा निवली की सकाळ हाताशी येते.

पहिल्या महिन्याअखेर, म्हणजे जुलैच्या मध्यात, काटा १२४ वर यावा. हे चार किलो दिसायला सुंदर असले तरी त्यांतील दीड-दोन किलो नुसते पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार घटला की हा साठा आणि त्याचे पाणी प्रथम जाते. ही गोष्ट आधी माहीत नसेल तर दुसऱ्या महिन्यात घात होतो. पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरलेला माणूस पुढच्या पंधरवड्यातील एक किलोला ‘थांबले’ असे म्हणतो. त्यामुळे कोष्टकात पहिला महिना वेगळ्या रंगाने लिहावा आणि त्यावरून पुढचा वेग काढू नये.

ऑगस्टच्या मध्यात १२१.५ आणि सप्टेंबरच्या मध्यात ११९.५ असे पुढचे टप्पे आहेत. कागदावर दुसऱ्या महिन्यात तीन किलो बसतात. वेळापत्रकात अडीचच लिहावेत, कारण महिन्यातून चार-पाच दिवस पाहुणे, बारसे, तेरवी यांत जाणारच. श्रावणातील उपवास वजन उतरवतात हा समजही सांभाळून घ्यावा. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी ही भाकरी-भाजीपेक्षा कितीतरी जड असते. त्यानंतर महालक्ष्म्यांचा स्वयंपाक येतो. त्या दोन दिवसांत वजन वाढले तरी त्यातील बराच भाग मीठ आणि पाणी यांचा असतो, आठवड्यात तो ओसरतो.

ऑक्टोबरच्या मध्यात ११८. पुढच्या महिन्यात दिवाळी आहे, म्हणून नोव्हेंबरच्या मध्याचा टप्पा ११७.५ एवढाच ठेवावा. अर्धा किलो हे त्या महिन्याचे पूर्ण यश मानायचे, हे जूनमध्येच लिहून ठेवायचे. फराळाचा महिना आणि मार्गशीर्षाचा महिना यांना एकच उद्दिष्ट देणारे वेळापत्रक दिवाळीच्या पाडव्याला मोडते, हा अनेक घरांचा अनुभव आहे. डिसेंबरच्या मध्यात ११६. सहा महिन्यांत बारा किलो, म्हणजे मूळ वजनाच्या नऊ टक्क्यांहून थोडे अधिक. अमेरिकेतील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या १९९८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिले उद्दिष्ट ‘सुमारे सहा महिन्यांत १० टक्के’ असे सांगितले होते. त्याच्या अगदी जवळचा हा मुक्काम आहे.

यानंतरचे सहा महिने संथ आहेत. जानेवारीत ११५, फेब्रुवारीत ११४, मार्चमध्ये ११३, एप्रिलमध्ये ११२. मे महिन्याचा टप्पाही ११२ च. लग्नसराई, आमरस, दुपारचे ऊन आणि सकाळी सहाच्या पुढे न जमणारे चालणे, यांच्यासमोर वजन स्थिर राहिले तरी तो महिना वसूल झाला. जूनच्या मध्यात १११. वर्षात सतरा किलो, तेरा टक्के.

हे वेळापत्रक सोपे आहे असा कोणाचा समज होऊ नये. मधुमेही स्थूल रुग्णांवरील ‘लुक अहेड’ या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत आहारतज्ज्ञ, व्यायाम-मार्गदर्शक आणि नियमित बैठका असा सगळा सरंजाम होता. तेथे पहिल्या वर्षाची सरासरी घट ८.६ टक्के भरली. त्यामुळे आपले गृहस्थ वर्षअखेर ११७ वर असतील तर ते नापास नव्हेत, ते त्या चाचणीच्या सरासरीवर आहेत. ही खालची रेघही कोष्टकात आधीच आखून ठेवलेली बरी.

काटा, पट्टा आणि पायऱ्या

टप्पा गाठला की नाही, हे ठरवायचे कशावर? जुन्या कमानीच्या घरगुती काट्याची मर्यादा पुष्कळदा १२०-१३० किलोंपाशी संपते. तेव्हा १५० किंवा अधिक किलोंची क्षमता पाहूनच इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा आणि तो फरशीवर एकाच जागी ठेवावा. सकाळी शौचानंतर, चहापूर्वी वजन करून वहीत टिपावे. एकाच माणसाचे वजन एका दिवसात किलो-दोन किलो सहज हलते. रात्री पापड-लोणचे झाले, पोट साफ झाले नाही, किंवा आदल्या दिवशी जास्त चालणे होऊन पाय भरून आले, तरी काटा वर जातो. म्हणून सात दिवसांची सरासरी काढावी आणि महिन्याचा टप्पा त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावा. दर सोमवारी एकदाच वजन करणाऱ्यांना रविवारच्या जेवणाचे वजन कळते, स्वतःचे नव्हे.

वजन खरोखर थांबले आहे, असे कधी म्हणावे? चार आठवड्यांच्या सरासऱ्या एकाच आकड्याभोवती राहिल्या आणि बेंबीच्या पातळीवर मोजलेला कमरेचा घेरही हलला नाही, तर. घेर कमी होत असेल तर थांबावे आणि काही बदलू नये. दोन्ही स्थिर असतील तर दोन शक्यता उरतात. पहिली म्हणजे कपात नकळत सैल झाली आहे. चहा दोनाचे चार झाले, तेलाची बाटली महिन्याऐवजी तीन आठवड्यांत संपू लागली. वऱ्हाडी स्वयंपाकघरात हा पुरावा वहीपेक्षा तेलाच्या डब्यावर लवकर सापडतो. दुसरी म्हणजे शरीराचा खर्च खरोखर नव्या आहाराशी येऊन मिळाला आहे. तसे असेल तर आणखी दीड-दोनशे उष्मांक कमी करायचे, की चालणे वाढवायचे, की हेच वजन काही महिने धरायचे, हा निर्णय घ्यावा लागतो. तिसरा पर्याय हार नव्हे, त्याविषयी पुढे.

काट्याखेरीज दरमहा एक टप्पा पायांचाही असावा, कारण मे किंवा दिवाळीसारख्या महिन्यांत वहीत पुढे सरकणारा तोच एक आकडा असतो. अमरावतीत व्यायामाचे नाव निघाले की हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवते. १९१४ पासूनची ती परंपरा मोठी आहे आणि घरातील वडीलधारे ‘आखाड्यात जा, महिन्यात उतरेल’ असे सांगतात तेही प्रेमानेच. पण १२८ किलोंच्या गुडघ्यांना जोर, बैठका आणि उड्या पहिल्या आठवड्यात सोसत नाहीत. सूज येते आणि पंधरा दिवस घरी बसावे लागते. पहिल्या महिन्याचे उद्दिष्ट दुकानाजवळच दहा-दहा मिनिटे दोनदा चालणे, एवढेच असावे. तिसऱ्या महिन्यात सलग पंचवीस मिनिटे. सहाव्या महिन्यात राजापेठेहून राजकमल चौकापर्यंत न थांबता जाणे, आणि नवव्यात रविवारी छत्री तलावाच्या बाजूने तासभर. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील २००५ च्या एका अभ्यासात असे दिसले की एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. चार किलो उतरल्यावर जिना सोपा वाटतो, तो भास नसतो.

वेग वाढला तर

कोष्टकापेक्षा मागे पडण्याची चिंता सारे करतात; पुढे गेल्यास मात्र पेढे वाटले जातात. दुसऱ्या महिन्यानंतरही दर आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन उतरत असेल तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर येणारी तीव्र कळ ही त्याची खूण आहे. फार वेगाने उतरलेल्यांचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ गळतात. ते सहसा पुन्हा येतात, पण उपासमार झाल्याची ती पावती असते. प्रयत्न न करताच वजन झपाट्याने उतरू लागले तर ते यश न समजता तपासणी करून घ्यावी.

याहून तातडीची बाब औषधांची आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि आहार एकदम ८०० उष्मांकांनी घटविला, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, एकदम भूक लागून डोके सुन्न होणे ही तिची लक्षणे. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच : वजन उतरल्यावर जुनीच मात्रा चालू राहिली तर उठताना चक्कर येते. म्हणून पहिल्या दिवसापूर्वी एकदा, पहिल्या महिन्याअखेर एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची भेट हाही वेळापत्रकाचाच भाग धरावा. पहिल्या भेटीतच थायरॉइडची तपासणी व्हावी, आणि घोरण्यात मध्येच श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारले जावे.

या गृहस्थांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४४ आहे. भारतीयांसाठी २५ पासूनच स्थूलता मानली जाते, तेव्हा ४४ हा आकडा शस्त्रक्रिया किंवा औषधे यांचा विषय डॉक्टरांनी काढावा असाच आहे. टिर्झेपेटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. पण या औषधांनीही महिन्यांचा हिशेब चुकत नाही. त्यांची मात्रा दर चार आठवड्यांनी वाढवत न्यावी लागते, पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचायला चार-पाच महिने जातात. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट झाली. म्हणजे १२८ किलोंचे सोळा-सतरा महिन्यांत १०१ ते १०९. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसले. इंजेक्शन घेणाऱ्याचे मासिक टप्पे थोडे मोठे असतील, पण ‘सहा महिन्यांत ८०’ तेथेही बसत नाही.

दुसरे वर्ष

१११ वर आल्यावर लगेच पुढचा टप्पा लिहू नये. जून ते डिसेंबर हे सहा महिने वजन धरण्याचे ठेवावेत. या काळात टप्पा दरमहा एकच : १११, दीड किलो अलीकडे-पलीकडे. हे काम उतरविण्यापेक्षा कठीण आहे, कारण काटा रोज नवे काही सांगत नाही, शेजारी कौतुक करायचे थांबतात, आणि शरीर भुकेच्या रूपाने जुने वजन मागत राहते. चहा आणि तळण यांची कपात या काळात परीक्षेतून जाते. जी सवय सहा महिने टिकते ती तिसऱ्या वर्षीही टिकण्याची शक्यता असते.

सात दिवसांची सरासरी ११३ च्या वर गेली तर त्याच आठवड्यात पहिल्या महिन्याची वही उघडून तेथील जेवण पंधरा दिवस जसेच्या तसे करावे. ११५ पर्यंत वाट पाहिली तर तेच काम दोन महिन्यांचे होते. सहा महिने १११ धरून राहिले तर पुढच्या संक्रांतीनंतर नवे कोष्टक लिहावे, या वेळी महिन्याला एक किलोपेक्षा जास्त न लिहिता, आणि मे व दिवाळीच्या रकान्यांत आधीच शून्य भरून.